फिरकीचे आटे काय सांगतात

उत्तर प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत एखादी नथ हमखास बिठूरची असते. त्याला कारणही आहे. 1818 मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा घेऊन कानपूरजवळ गंगाकाठी बिठूरला येऊन राहिला. त्याच्यामागोमाग कितीतरी मराठी बिऱ्हाडे तिकडे गेली. 1851 मध्ये तो वारला, आणि सत्तावनच्या धामधुमीत बिठूरचा वाडा उद्ध्वस्त झाला. माणसे पांगली तसे दागिनेही पांगले. त्यामुळे कानपूर, काशी, झाशी, लखनौ यांतल्या कुठल्याही मराठी घरातल्या जुन्या डब्याला बिठूरची आठवण चिकटते, मग ते घर बिठूरहून आलेले असो वा नसो.

असाच एक पितळी डबा मला गेल्या हिवाळ्यात लखनौच्या गोमती नगरात पाहायला मिळाला. माझी मावसबहीण, जिला मी अक्का म्हणते, ती तिथे विराम खंडात राहते. तिच्या आजेसासऱ्यांचे लखनौशी नाते संगीतामुळे जुळले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 मध्ये कैसरबागेत संगीत महाविद्यालय सुरू झाले, श्रीकृष्ण रातंजनकर तिथे प्राचार्य झाले, आणि गाणे शिकायला-शिकवायला बरीच मराठी मंडळी या शहरात आली. त्यांतलेच हे एक घर. सासूबाई गेल्यावर अक्काच्या वाट्याला तीन डाग आले: सात खड्यांच्या हिऱ्याच्या कुड्या, मोत्यांची नथ आणि लखनवी जडावाचे एक पदक. सोबत घडी पडून पडून चिरलेली मोडी-बाळबोध मिश्र अक्षरांतली एक याद. मी पुण्यात रत्नपरीक्षेचे काम करते, म्हणून अक्काने विचारले, "अगं, हे खरंच बिठूरचं आहे का, एवढं सांग."

हे सांगता येते, पण एका वाक्यात नाही. आपल्याकडे दागिना मोडून नवा घडवण्याची रीत इतकी खोल मुरलेली आहे की जुन्या दागिन्याला एकच जन्मतारीख क्वचितच असते. खडे आजीच्या कुड्यांतले, सोने काकूच्या पाटल्यांतले आणि घडण आईच्या लग्नातली, असे सर्रास होते. म्हणून वय ठरवताना दागिन्याचे भाग मनाने सुटे करायचे आणि प्रत्येकाला वेगळे विचारायचे: तू कुठल्या सालाच्या आधी असूच शकत नाहीस? घडताना जे भाग एकत्र आले, त्यांत सर्वांत नवा जो भाग, त्याच्यापेक्षा दागिना जुना असू शकत नाही. नंतरच्या दुरुस्त्या ओळखून बाजूला काढायच्या. त्या घडणीचे नाही, तरी नंतरच्या आयुष्याचे साल सांगतात.

पहिली सूचना मी अक्काला दिली ती ही, की काही धुऊ नकोस. रिठा, टूथपेस्ट, सराफाकडचे पॉलिश, काहीही नाही. कोंदणाच्या कडेला साठलेला मळ, कडीच्या आतला काळसरपणा हे सगळे पुरावे आहेत आणि पॉलिशवाला ते पाच मिनिटांत पुसतो. उत्तरेकडच्या खिडकीशी पांढरे सुती कापड अंथरले, दहापट भिंग घेतले, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घेतला आणि तिन्ही डाग आधी उलटे ठेवले. दर्शनी बाजू सोनार ग्राहकासाठी करतो. मागची बाजू त्याला लवकर उरकायची असते, म्हणून त्याचा हात तिथे जास्त स्पष्ट दिसतो.

आधी कुड्या घेतल्या. एक मध्ये आणि सहा भोवती, असे फुलासारखे सात हिरे.

हिऱ्याचे पैलू वय का सांगतात, हे समजायला कच्चा हिरा डोळ्यांपुढे आणावा. तो पुष्कळदा अष्टफलक असतो, म्हणजे दोन चौकोनी पिरॅमिड बुडाशी बूड लावून जोडावेत तसा. हिरा फक्त हिऱ्यानेच घासला जातो. पूर्वी कारागीर दोन हिरे हातात धरून एकमेकांवर घासून आकार देई. त्यामुळे वजन वाचवायला तो मूळ स्फटिकाच्या जमेल तितका जवळ राही. फार जुन्या एका रीतीत वरचे टोक घासून सपाट माथा केला की झाले. पुढे गुलाबकळीसारखा, खालून सपाट आणि वर तिकोनी पैलूंचा घुमट असलेला हिरा आला. आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तो आला ज्याला व्यापारात ओल्ड माइन म्हणतात: उशीसारखा गोलसर चौकोन, माथा लहान, वरचा भाग उंच आणि खालचे टोक घासून बोथट केलेले. टोक बोथट का, तर अणकुचीदार राहिले तर कोंदणात बसवताना टवका उडतो. वरून भिंगातून पाहिले की हेच बोथट टोक खड्याच्या बरोबर मधोमध बारीक गोल खिडकीसारखे दिसते. ही खिडकी एकदा ओळखली की पुन्हा विसरता येत नाही.

1870 च्या दशकात हिऱ्याला गोल घासणारे यंत्र आले आणि खडे खरोखरीचे गोल होऊ लागले. तरी माथा लहानच राहिला, वरचा भाग उंचच राहिला आणि खिडकीही राहिली. या घडणीला ओल्ड युरोपियन म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिरा कापणारी यंत्राची करवत आली. आता एका स्फटिकाचे दोन हिरे करता येऊ लागले, वरचा भाग उंच ठेवायची गरज संपली. 1919 मध्ये मार्सेल टोलकोव्स्की याने प्रकाश कुठून शिरून कुठून परत येतो याचा हिशेब मांडला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत आजचा हिरा घडला: रुंद माथा, बसका वरचा भाग, खाली बंद टोक, मध्ये खिडकी नाही. जुना हिरा समईच्या उजेडात मोठ्या, संथ ठिणग्या टाकतो. नवा हिरा बारीक बारीक चमचमतो. फरक भिंगाशिवायही कळतो, पण साल ठरवायला भिंगच हवे.

हा बदल किती निर्दय होता, ते आपल्याच एका हिऱ्यावरून कळते. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला गेलेला नासक हिरा 1818 मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा तो हिंदुस्थानी रीतीने, वजन राखून घासलेला होता. लंडनमध्ये तो पुन्हा घासला गेला. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याला तिसऱ्यांदा घासून लांबट चौकोनी केले. आज तो 43.38 कॅरटचा आहे, म्हणजे मूळ वजनाच्या निम्म्याच्या आसपास. त्र्यंबकच्या पुजाऱ्यांनी पाहिलेला हिरा आता अस्तित्वातच नाही. घरातला जुना खडा "नव्या फॅशनचा करून देतो" असे कुणी म्हटले की मला हा हिरा आठवतो.

अक्काच्या कुड्यांतल्या चौदापैकी तेरा हिऱ्यांत खिडकी होती. कडा किंचित चौकोनी, एकासारखा दुसरा नाही. म्हणजे हे खडे हाताने घासलेले, बहुधा एकोणिसाव्या शतकातले. उजव्या कुडीतला खालचा एक मात्र निराळा होता: अगदी गोल, माथा रुंद, मधोमध काही नाही. त्याच्या घराच्या कडेवर कोरणीचे ताजे ओरखडे होते, बाकीच्या कडा झिजून गुळगुळीत. जुना खडा कधीतरी पडला आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर केव्हातरी नवा बसवला, एवढे त्यावरून नक्की.

पण इथे एक सावधगिरी हवी. युरोपातल्या पुस्तकांत पैलूंच्या कालपट्ट्या छापलेल्या असतात, त्या आपल्याकडे एकाच बाजूने चालतात. आधुनिक पैलूंचा हिरा 1919 च्या आधीचा नाही, हे इथेही खरे. पण जुन्या पैलूंचा हिरा म्हणजे दागिना जुना, हे खरे नाही. न घासल्यासारखा सपाट पोलकी हिरा आणि गुलाबकळी आजही जयपुरात आणि सुरतेत नव्याने तयार होतात. मागून बंद आणि खाली चांदीची डांक लावलेले कोंदण युरोपात जवळजवळ थांबले, पण इथे कधीच थांबले नाही. खडा फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढी हद्द आखून देतो. 'याच्या नंतरचा नाही' ही हद्द दुसरीकडे शोधावी लागते.

ती मी फिरकीत शोधली. कुडीच्या मागची दांडी भिंगाखाली धरली की आटे दिसतात. आजचे आटे साच्याच्या पोलादी पात्याने दांडीतच कापलेले असतात. त्यांची धार तीक्ष्ण, खोली सारखी, अंतर सारखे. जुन्या हिंदुस्थानी सोनाराकडे असे पाते नव्हते. तो दोन बारीक तारा शेजारी शेजारी धरून एका सळईवर गुंडाळत असे. मग त्यांतली एक तार दांडीवर डाग देऊन जोडायची आणि दुसरी फिरकीच्या नळीत आतून. दोन तारा मुळात एकमेकींत बसलेल्याच असल्यामुळे दांडी आणि फिरकी एकमेकींत फिरत. अशा दांडीवर आटे कापलेले नसतात, तार वेटाळलेली दिसते. आटे गोलाकार, मधेमधे डागाचा फिकट ठिपका, एखादा वेढा थोडा सरकलेला. आणि याचा एक सुंदर परिणाम असा की एका कानाची फिरकी दुसऱ्या कानाला लागत नाही, कारण प्रत्येक जोडी स्वतंत्र गुंडाळलेली. घरी करून पाहण्याजोगी ही सगळ्यांत सोपी परीक्षा आहे. पण जोर लावायचा नाही. अर्ध्या वेढ्यात अडकली की थांबायचे, नाहीतर तारेचा डाग सुटतो आणि शंभर वर्षांची जोडी कायमची तुटते.

अक्काच्या उजव्या कुडीची दांडी आणि फिरकी, दोन्ही तारेच्या आट्यांच्या होत्या. डाव्या कुडीची दांडी मात्र पात्याने कापलेल्या आट्यांची, आणि रंगही किंचित तांबूस-फिका. काळ्या कसोटीवर कुडीच्या अंगाची रेघ ओढली आणि शेजारी या दांडीची. बावीस कॅरटच्या कसाचे तेजाब लावल्यावर पहिली रेघ टिकली, दुसरी पुसट होऊन गेली. खालच्या तेजाबांनी ती चौदाच्या आसपास आली.

चौदा कॅरट म्हटल्यावर अक्काच्या मोठ्या जाऊबाई लगेच म्हणाल्या, "मोरारजींचं सोनं!" त्या पिढीला ते विसरता येत नाही. 1963 च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. अर्थमंत्री मोरारजी देसाई होते. हजारो सोनारांचा धंदा बसला. 1966 मध्ये चौदा कॅरटची अट उठली, नियंत्रण मात्र 1968 च्या कायद्याच्या रूपाने 1990 पर्यंत राहिले. म्हणून एरवी बावीस कॅरटच्या मराठी दागिन्यात चौदा कॅरटचा एखादा भाग सापडला तर ही तीन-चार वर्षे मनात आणायची. पण तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही. कमी कसाचे सोने कठीण असते आणि दांडी झिजू नये म्हणून समजूतदार सोनार केव्हाही ते वापरतो. जाऊबाईंना मात्र आठवत होते की चौसष्ट सालच्या लग्नात सासूबाईंच्या कुडीची दांडी मोडली होती आणि ती चौकातल्या सराफ्यात बसवून आणली. धातू आणि आठवण अशा एकाच ठिकाणी भेटल्या की माझा विश्वास बसतो.

आता ती याद. तीत शके 1839 असे लिहिले होते, म्हणजे इसवी सन 1917-18. खाली ओळ: कुड्या जोड 1, वजन मासे 10. वजनाची भाषा हीच एक खूण आहे. तोळा 11.66 ग्रॅमचा, बारा माशांचा, मासा आठ गुंजांचा. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा आणि पुढच्या काही वर्षांत बाजारात दहा ग्रॅमचा 'तोळा' रुळला. मासे-गुंजांत लिहिलेली पावती सहसा त्याआधीची. दहा मासे म्हणजे 9.72 ग्रॅम. काट्यावर जोडी भरली 9.58. फरक 0.14 ग्रॅम, गुंजभरापेक्षा थोडा जास्त. चौदा कॅरटचे सोने हलके, त्याच आकाराची दांडी कमी भरणार. त्यात पडलेला हिरा आणि शतकभराची झीज. हिशेब जुळतो. ही तीच जोडी. ती 1917 मध्ये घरात होती आणि तिचे खडे त्याच्याही आधीचे. यंत्राने गोल केलेला एकही मूळ हिरा तीत नाही, म्हणून मी ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली मानते.

नथीकडे वळताना अक्का गप्प झाली, कारण बिठूरची म्हणून जी सांगितली जात होती ती हीच.

आकार जुन्या धाटणीचा होता, पण आकारावर भिस्त ठेवता येत नाही, कारण नथीचा घाट दोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही. मी मधल्या माणकापासून सुरुवात केली. पांढऱ्या बशीत पाणी घेतले, नथ त्यात बुडवली आणि टॉर्चचा उजेड बाजूने सोडला. पाण्यात खड्याच्या पृष्ठभागाची चमक मरते आणि आतले दिसू लागते. नैसर्गिक माणकात रेषा असल्या तर सरळ असतात आणि कोनात वळतात, कारण स्फटिक सपाट थरांनी वाढतो. या माणकातल्या रेषा मात्र वक्र होत्या, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या, आणि दोन ठिकाणी वाटोळे बुडबुडे.

म्हणजे माणिक कृत्रिम. ऑगस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये ही कृती जाहीर केली. ॲल्युमिनाची भुकटी ज्योतीतून थेंबाथेंबाने खाली पडते आणि एका काडीवर वितळून साठत जाते. प्रत्येक थर घुमटासारखा गोल बसतो, म्हणून रेषा वक्र. हा खडा काच नाही, रासायनिक दृष्ट्या माणिकच आहे. त्या वेळी तो पुष्कळ पैसे देऊन, आवडीने घेतला जाई. याला लबाडी समजून लोक रडवेले होतात. मला तो कालगणनेचा खिळा वाटतो. वक्र रेषांचे माणिक मूळ घडणीतले असेल, तर तो दागिना 1902 च्या आधीचा नाही. ते मूळ आहे का, हे घराच्या कडेवरून पाहायचे. इथे कड अखंड होती, कोरणी दुसऱ्यांदा फिरल्याची खूण नव्हती, डागाचा एकच रंग होता. यादीतही नथीपुढे "माणिक 1" आहे. म्हणजे नथ 1902 आणि 1917 यांच्या मधली. बिठूर 1857 मध्ये संपले.

अक्काचा चेहरा उतरला. पण मोती बाकी होते.

गोल संवर्धित मोती 1920 च्या सुमारास बाजारात आले. त्यांच्या आत शिंपल्याची गोळी असते आणि वर मोत्याचा पातळ थर. भोकाच्या तोंडाशी भिंग नेले तर गोळी आणि थर यांच्यामध्ये काळसर रेघ दिसते. नैसर्गिक मोती कांद्यासारखा थरांवर थर असतो, तशी रेघ नसते. अक्काच्या तेरा मोत्यांपैकी नऊंची भोके दिसत होती आणि नऊही बसराई. खात्रीसाठी प्रयोगशाळेत क्ष-किरणांची तपासणी करावी लागते, ती मी सुचवली. पण भोकांनी आणखी काही सांगितले. नथीच्या तारेपेक्षा ती रुंद होती आणि त्यांची तोंडे लंबगोल झिजली होती. मोती मऊ असतो. दोऱ्यात ओवून वर्षानुवर्षे वापरला की भोकाची कड एका बाजूला झिजते, आणि शेजारच्या मोत्याला घासून तो स्वतः पिंपासारखा चपटतो. तारेत घट्ट बसवलेल्या मोत्याला अशी झीज येत नाही. म्हणजे नथ होण्याआधी हे मोती कुठल्यातरी सरात होते, आणि तो सर एका माणसाच्या आयुष्यापेक्षा कमी वापरला गेलेला नव्हता. 1910 च्या आसपास घडलेल्या नथीतले मोती आधीच दोन पिढ्या जुने असतील, तर ते कुठे पोचतात, हे अक्काने स्वतःच बोटांवर मोजले.

नथीचा आकडा मात्र नाहीसा झाला होता आणि त्याजागी चाप होता. नाक न टोचलेल्या सुनेसाठी केलेली ही अलीकडची सोय. चापाच्या आत 'केडीएम' असा शिक्का होता. कॅडमियम घातलेल्या डागाने जोडकाम करायची पद्धत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फोफावली, तेव्हाचा हा शिक्का. अशा नव्या भागावरून पूर्ण दागिन्याचे वय काढणे ही नेहमीची चूक. तीच चूक आता हॉलमार्कच्या बाबतीतही होते. 2021 नंतर सक्तीचा झालेला सहा अक्षर-अंकी क्रमांक एखाद्या जुन्या बांगडीवर असला, तर तो तपासणीची तारीख सांगतो, घडणीची नाही.

पदकाला घरात "नवाबी" म्हणत. समोर पोलकी, मागे चांदीवर निळा-हिरवा मीना, आणि हे दोन रंग एकत्र हा लखनौच्या मीनाकामाचा जुना स्वभाव. कोंदण खरे आहे का, ते कडेवर कळते. शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या थराथराने दाबून आणि घोटून खडा पकडलेला असतो, म्हणून भिंगाखाली दाबल्याच्या बारीक रेघा दिसतात. ओतीव नकलेत कड एकसंध आणि कोपरे बोथट असतात. इथे रेघा होत्या. मागचा मीना भट्टीत भाजलेल्या काचेचा. त्याचा टवका उडतो तो शिंपल्यासारखा वळणदार. हिरव्या पानाचा एक कोपरा मात्र निराळा होता, मऊ, बारीक ओरखड्यांनी भरलेला, बोटाला काचेसारखा थंड न लागणारा. तो रंगीत राळेचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली दुरुस्ती.

पदकावर मला सर्वांत बोलके वाटले ते डाग. दोन पोलक्यांखालची चांदीची डांक एका कडेकडून तपकिरी होत गेली होती, कारण तिथे कोंदण सुटून लखनौच्या पावसाळ्याची दमट हवा आत शिरली. खरा काळेपणा असा वाट काढत येतो. मुद्दाम जुना केलेला दागिना रसायनात बुडवतात, त्यामुळे तो सगळीकडे सारखा काळा असतो, आणि बोट, दोरा, कापड रोज लागते त्या उंचवट्यांवरही काळा असतो. तिथे तर तो उजळ हवा. बावीस कॅरटच्या सोन्याचे तसेच आहे. ते काळे पडत नाही, त्यातले तांबे हलकेच रंग बदलते आणि वापराने पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म ओरखड्यांचा मऊ पोत येतो. हल्ली नव्या दागिन्यांना गेरू पॉलिश देऊन जुनेपण आणतात. ओलसर कापूस खाचेत फिरवला की तो लालसर होऊन निघतो. पण असा कापूस जडावाजवळ कधीही नेऊ नये.

झिजेची जागाही पाहायची. पदकाच्या कड्यांच्या आत, वरच्या बाजूला, लांबट घळी पडल्या होत्या. पटव्याच्या रेशमी गोफाने हळूहळू खाल्लेल्या. आता तिथे साखळी आणि खेकड्याच्या नांगीसारखा स्प्रिंगचा आकडा आहे. हा आकडा 1970 च्या दशकापासूनचा, आणि तो लावून कितीही वर्षे झाली तरी असली घळ साखळीने पडत नाही. गोफाचा पुरावा म्हणून अक्काने भिंतीवरचा फोटो उतरवला. 1938 सालचा, कुठल्याशा मैफिलीनंतरचा, मागे साल लिहिलेले. आजेसासूबाईंच्या गळ्यात पदक, गोंड्यासकट. घळी तेव्हा नुकत्या सुरू झालेल्या असाव्यात. नवाबी 1856 मध्ये संपली. पदकाचा सांगाडा तितका जुना मानायला माझ्या हाती काही नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शातले, चौकातल्या कारागिराच्या हातचे, एवढेच मी लिहून दिले.

अक्काची धाकटी लेक टोरांटोला असते आणि पदक तिला द्यायचा विचार होता. मी तिला थांबवले. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली देशाबाहेर नेता येत नाही, आणि हे पदक त्या हद्दीच्या अगदी काठावर आहे. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यायला हवा.

निघण्याआधी आम्ही तिन्ही डागांच्या डब्यांत एकेक चिठ्ठी ठेवली. कुडीच्या चिठ्ठीवर अक्काने स्वतःच्या अक्षरात लिहिले: डाव्या दांडीची दुरुस्ती चौसष्ट सालची, चौदा कॅरट, बदलू नये. उजवी फिरकी डाव्या कानाला लावू नये. नथीच्या चिठ्ठीवर: मोती नथीपेक्षा जुने, भोके तारेपेक्षा रुंद, ओवणी बदलल्यास जुने मोती मोजून परत घ्यावेत, तेरा.